दोघांचं गोत्र काश्यप निघालं, मग सोयरीक मोडायची का?

पत्र: मी २७ वर्षांची, गाव देवगड तालुक्यात, नोकरी रत्नागिरीत. आम्ही मराठा. एक स्थळ सगळ्यांना पसंत होतं, मुलगा कुडाळकडचा, आडनाव गावकर. बायोडाटा बघितल्यावर दोघांचंही गोत्र काश्यप निघालं आणि त्याच्या आत्याने ‘सगोत्र आहे, बहीण-भाऊ लागतात’ म्हणून नकार कळवला. त्यात माझी आजी म्हणते, ‘आमी मूळचे गावकरच, आजो मुंबयक गेलो, थय मुकादमान गावाचा नाव लावल्यान.’ म्हणजे आमचं आत्ताचं ‘-कर’ आडनाव खरं नाहीच! दोन्ही घरांचं कुलदैवत तुळजाभवानी. आमचं देवक कळंब, त्यांचं म्हणे पंचपल्लव. बाबांनी कुळ शोधायला सातबारा काढला तर त्यावर ‘कुळ’ म्हणून तिसऱ्याच माणसाचं आडनाव. आता गोत्र, कुळ आणि आडनाव यातलं नक्की काय बघायचं? आणि आम्ही खरंच भाऊबंद असू का?

उत्तर:

बाय, आधी सातबाऱ्याचं मिटवून टाकूया, कारण बाबा त्या तिसऱ्या आडनावाच्या मागे लागले तर उगाच तलाठ्याकडे हेलपाटे घालत बसतील. सातबाऱ्यावरचं कुळ म्हणजे जमीन कसणारा माणूस, कूळकायद्यातलं कूळ. कोकणात खोती होती, जमीन एकाच्या नावावर आणि कसायची दुसऱ्याने, मग १९४८ चा कूळकायदा आला, १९४९ मध्ये खोती रद्द करायचा कायदा आला, त्या सगळ्याचे अवशेष अजून त्या कागदावर दिसतात. तुमच्या पणजोबांच्या जमिनीत कोणी भात लावत असेल तर त्याचं नाव तिथे येणार. तुमच्या वंशाशी त्याचा काही संबंध नाही. कागद मात्र ठेवून द्या, त्याच जमिनीचे जुने फेरफार नंतर कामाला येतील.

आता गोत्र. आत्याबाईंनी एक गोष्ट गृहीत धरली आहे आणि तूही ती तशीच उचललीस, की काश्यप गोत्र हे तुमच्या घरात बापाकडून मुलाकडे असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तर घरी विचार की काश्यप हे पहिल्यांदा कोणी सांगितलं? बहुतेक उत्तर येईल की पूजेला भटजी आले, संकल्प सोडताना ‘गोत्र काय?’ म्हणाले, कोणाला माहीत नव्हतं, मग तेच म्हणाले ‘काश्यप म्हणा’. हे ते मनाने सांगत नाहीत. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावं असा जुना प्रघातच आहे, कारण पुराणात कश्यप हा देव, दानव, माणसं, पशुपक्षी सगळ्यांचा मूळ बाप मानलेला आहे, त्यामुळे कोणीही त्याचा वंशज म्हटला तर चालून जातं. सत्यनारायणात घेतलेलं ते काश्यप पुढे मुंजीच्या, लग्नाच्या, वास्तुशांतीच्या पत्रिकेत छापलं जातं आणि एका पिढीत ‘आमचं गोत्र’ होऊन बसतं. विवाहाच्या काही साइटवर तर तो कॉलम भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही, म्हणून ज्याला माहीत नाही तो पण काश्यपच टाकतो. तेव्हा मराठा, भंडारी, कुणबी, गाबीत अशा घरांमध्ये दोन काश्यप समोरासमोर आले तर त्यातून बहुतेक वेळा एवढंच कळतं की दोन्ही घरी माहीत नव्हतं.

गोत्र मुळात काय होतं ते थोडक्यात सांगते, नाहीतर आत्याबाईंना समजावताना तूच अडकशील. बौधायनाच्या सूत्रात सप्तर्षी आणि आठवे अगस्त्य अशा आठ ऋषींची संतती ती गोत्रं, असं म्हटलंय. विश्वामित्र, जमदग्नी, भरद्वाज, गौतम, अत्री, वसिष्ठ, कश्यप आणि अगस्त्य. पुढे त्यांचे खूप फाटे फुटले. प्रत्येक गोत्राबरोबर प्रवर असतो, म्हणजे त्या परंपरेतल्या एक, तीन किंवा पाच ऋषींची नावं, ती यज्ञात उच्चारायची. ही सगळी व्यवस्था वैदिक कर्म करणाऱ्या घरांची, म्हणून ती ब्राह्मणांमध्ये नीट जपली गेली. क्षत्रिय आणि वैश्यांचं काय करायचं हा प्रश्न जुन्या शास्त्रकारांनाही पडला होता, आणि याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या मिताक्षरेत विज्ञानेश्वराने सरळ सांगितलंय की त्यांना स्वतःचं असं गोत्र-प्रवर नाही, त्यांनी आपल्या पुरोहिताचं धरावं. आता बघ, पुरोहिताचं गोत्र धरायचं म्हटल्यावर एका भटजींच्या यजमानांतली दहा वेगवेगळी कुळं एका गोत्राची होतात, आणि उद्या उपाध्ये बदलले तर तुमचं गोत्रही बदलायला हवं. असं गोत्र रक्ताचं नातं कसं दाखवणार? शहाण्णव कुळी मराठ्यांच्या छापील याद्यांमध्ये प्रत्येक कुळापुढे गोत्र लिहिलेलं असतं खरं, पण दोन याद्या शेजारी ठेवून बघ, एकाच कुळापुढे एका यादीत एक गोत्र आणि दुसरीत दुसरंच सापडतं.

कोकणातल्या चित्पावन घरांचं उलट. तिथे १४ गोत्रं आणि ६० मूळ आडनावं अशी नीट मांडणी आहे, कुठलं घर कुठल्या गोत्राचं हे पक्कं ठरलेलं. गोखले आणि लेले, आडनावं वेगळी, गोत्र दोघांचं काश्यप, म्हणून जुन्या रिवाजात त्यांची सोयरीक होत नव्हती. शिवाय काश्यप आणि शांडिल्य ही एका गणातली धरतात, म्हणजे गोखल्यांचं दामल्यांशीही जमत नव्हतं. आणि जोशी म्हटलं तर नुसत्या आडनावावरून काहीच कळत नाही, जोशी वेगवेगळ्या गोत्रांचे असतात, कारण जोशीपण हे काम आहे. तेव्हा हे पत्र वाचणाऱ्या ब्राह्मण घरातल्या मुला-मुलींना ‘गोत्राला काही अर्थ नाही’ असं मी म्हणत नाहीये, तुमच्याकडे ते खरंच वंशाने आलेलं असतं. पण देवगडच्या मराठ्याच्या बायोडाटावरचं काश्यप आणि गोखल्यांचं काश्यप या एका नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘बहीण-भाऊ लागतात, पुढे मुलांना त्रास होईल’ असंही आत्याबाई म्हणतील, म्हणतातच. मग हिशेब करून बघ. आईवडील दोन, त्यांचे आईवडील चार, असं दुप्पट करत दहा पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात. गोत्र खरं असलं तरी ते त्यातल्या फक्त एका पुरुषाचं, बापाच्या बापाच्या बापाचं, बाकी १,०२३ बद्दल ते काही बोलतच नाही. आणि आपल्याकडेच कित्येक घरांत मामाची मुलगी चालते, चालते काय, हक्काने मागतात. मामेबहिणीचं गोत्र वेगळं, कुळ वेगळं, म्हणून रिवाजात बसतं, पण रक्ताने बघशील तर तिच्याशी साधारण आठवा हिस्सा सारखा असतो. रक्ताचीच काळजी असेल तर ती तिथे करायला हवी, कुडाळच्या अनोळखी मुलाच्या काश्यपाची नाही.

कायद्याचं म्हणशील तर सगोत्र विवाहाची अडचण १९४६ च्या कायद्यानेच काढून टाकली आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात गोत्राची अट नाहीच. तिथे अट आहे ती सपिंड नात्याची आणि जवळच्या निषिद्ध नात्यांची. सपिंडाची मोजणी कशी करायची ते खाली सांगते, तुला लागणार आहे.

मग आजी म्हणते ते ‘आमी मूळचे गावकर’. यात मात्र मला रस आहे, कारण ही गोष्ट तपासण्यासारखी आहे, फक्त तुला वाटतंय तशी नाही. तू लिहिलंस की तुमचं ‘-कर’ आडनाव खरं नाही. अगं, ते जितकं खरं तितकंच गावकरही खरं. आपल्याकडे आडनाव ही घराला बाहेरच्यांनी ओळखायची खूण. जुन्या कागदांत माणसाचं नाव, बापाचं नाव आणि गाव किंवा हुद्दा एवढंच असतं, ‘अमका बिन तमका’. ते कायमचं आडनाव म्हणून घट्ट झालं शाळेच्या रजिस्टरात, पलटणीत आणि गिरणीच्या मस्टरवर. चाकरमानी परळ-लालबागला उतरला, मुकादमाने विचारलं गाव कुठलं, आणि गावाला ‘कर’ लावून मस्टरवर चढवलं. त्याच घरातला गावी राहिलेला भाऊ जुनंच नाव लावत राहिला. आज एका मूळपुरुषाची दोन नातवंडं, एकाचं आडनाव एक, दुसऱ्याचं दुसरं, आणि सुतक मात्र दोघांना एकच.

मोठ्या घरांचंही हेच झालंय. कान्होजी आंग्रे, ज्यांनी हा सगळा किनारा राखला, त्यांचं मूळ कुळ संकपाळ, आंगरवाडी गावावरून आंग्रे झाले. श्रीवर्धनचे भट, पेशवेपद मिळालं आणि पुढे हुद्द्याचंच आडनाव झालं, लोक पेशवेच म्हणू लागले. सावंतवाडीकर संस्थानिक सावंत-भोसले, दोन्ही नावं एकत्र लावतात. म्हणजे तीन थर झाले. कुळ हा एका मूळपुरुषापासूनचा बापाकडचा वंश, आडनाव हे गाव, हुद्दा, धंदा, मान कशावरूनही पडलेलं आणि बदलणारं, आणि गोत्र हे त्या सगळ्याच्या वर धर्मकर्मापुरतं ऋषीचं नाव.

आता ‘गावकर’ यातल्या कुठल्या थरात बसतं? हुद्द्याच्या. आपल्या दक्षिण कोकणात गावऱ्हाटी आहे, गाव कोणी वसवला, देवळात गाऱ्हाणं कोण घालणार, पालखीला पहिला खांदा कोणाचा, होळीचा मान कोणाचा, हे ठरलेलं असतं, आणि त्यात गावकर हा मान बहुतेक गावांत असतो. तुझ्या देवगडच्या गावात एक गावकर घराणं, कुडाळच्या गावात दुसरं, मालवणात तिसरं. ते मराठ्यांत असतात, गाबितांत असतात, आणखी समाजांतही असतात. तेव्हा दोन वेगळ्या गावांतले दोन गावकर म्हणजे भाऊबंद असं धरून चालायचं कारण नाही, जसे दोन पाटील किंवा दोन देसाई धरत नाही. पण ‘आडनाव वेगळं म्हणजे कुळ वेगळं’ असं तुम्ही उद्या म्हणाल तर तेही चालणार नाही, तुमचंच आडनाव मुकादमाने बदललेलं आहे, तसं त्यांचंही कधी बदललं असेल. म्हणून आडनावावर थांबू नकोस, ना नकारासाठी ना होकारासाठी.

तुळजाभवानीचं पटकन सांगते. अर्धा महाराष्ट्र तिला कुलस्वामिनी मानतो, त्यामुळे ती सारखी असण्याने काही सिद्ध होत नाही. आणि घरात विचारताना ग्रामदैवत आणि कुलदैवत यांची गल्लत करू नकोस, आपल्याकडे ती सर्रास होते. रामेश्वर, रवळनाथ, सातेरी, भगवती ही गावाची दैवतं, गावात राहणाऱ्या सगळ्या कुळांची मिळून.

देवक मात्र चांगला पुरावा आहे. मराठ्यांमध्ये सोयरिकीला आडवं येतं ते गोत्र नव्हे, देवक. देवक एक तर सोयरीक नाही, हा जुना नियम, आणि म्हातारी माणसं ‘गोत्र काय’ असं विचारायचीच नाहीत, ‘देवक खंयचा?’ विचारायची. कोणाचं कळंब, कोणाचं मोराचं पीस, कोणाचा शंख, कोणाची तलवारीची धार, कोणाचं सूर्यफूल. तुमचं कळंब आहे म्हणजे तुमच्या घरी कळंबाचं झाड तोडत नसणार, चुलीत जाळत नसणार. आजीला विचार, ती लगेच सांगेल. लग्नाच्या आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी वाजतगाजत जाऊन कळंबाची फांदी आणायची, मांडवात मेढीला बांधायची, तिची पूजा झाल्याशिवाय पुढचं काही नाही.

आणि त्यांचं पंचपल्लव. इथे जरा थांब. पंचपल्लव हे काही कुळांचं खरोखरचं देवक आहे, म्हणजे आंबा, उंबर, वड, पिंपळ अशा पाच झाडांचे डहाळे. पण हल्ली हॉलमध्ये लग्न असलं की देवकाचं सगळं सामान तयार मिळतं, त्यात हेच डहाळे असतात, भटजी तेच बसवतात, आणि घरातल्या तरुण माणसांना वाटतं हेच आपलं देवक. गोत्रात जसं माहीत नसेल तर काश्यप, तसं देवकात माहीत नसेल तर पंचपल्लव. त्यामुळे त्यांच्या घरी विचारायचं ते ‘देवक काय’ एवढंच नाही, तर गावच्या घरी, मांडवात, शेवटचं लग्न कोणाचं झालं आणि तेव्हा काय आणलं होतं. मुलाच्या मोठ्या काकांचं असेल, आजोबांच्या भावाचं असेल. ज्या बाईने ते सुपात धरून आणलं ती काकी किंवा आजी अजून असेल तर तिला झाड आठवतं, कुठल्या वाडीतून आणलं तेही आठवतं. तिने पंचपल्लवच सांगितलं तर देवक वेगळं, प्रश्न बराचसा मिटला. कळंब सांगितलं तर आत्याबाईंना नकार द्यायचं खरं कारण मिळालं असं समज, आणि मग पुढची तपासणी करायलाच हवी.

ती पुढची तपासणी म्हणजे सुतक, आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाची तीच. गोत्र भटजी सांगतात, आडनाव मुकादम लिहितो, पण सुतक कोणाचं धरायचं हे भावकीत कोणी विसरत नाही, कारण प्रत्येक मरणाला, अगदी गणपतीच्या आदल्या दिवशी कोणी गेलं तरी, त्यावरून घरातला गणपती बसणार की नाही हे ठरतं. दोन्ही घरी एकच प्रश्न विचारायचा: तुम्ही सुतक कुठल्या कुठल्या घरांचं धरता, आणि त्यातली कोणती गावाबाहेरची? जवळच्यांचं दहा दिवस, लांबच्या भाऊबंदांचं तीन दिवस अशी साधारण रीत आहे. तुमच्या यादीत कुडाळकडचं एकही घर नसेल आणि त्यांच्या यादीत देवगडचं नसेल, तर गेल्या कित्येक पिढ्यांत तुमचा संबंध नाही असं बिनधास्त म्हणता येतं. यादीत एकमेकांच्या गावाचं घर आलं, भले ते नुसतं तीन दिवसांचं का असेना, तर मूळ कुठेतरी एक आहे.

समजा ते एक निघालंच, तरी लगेच सगळं संपत नाही, मग पिढ्या मोजायच्या. कायद्यातली मोजणी अशी, की स्वतःला पहिली पिढी धरायची. तू एक, बाबा दोन, आजोबा तीन, पणजोबा चार, खापरपणजोबा पाच. मुलाकडूनही तसंच. बापाच्या बाजूने पाचव्या पिढीपर्यंत, म्हणजे खापरपणजोबांपर्यंत दोघांचा पूर्वज एकच निघाला तर तुम्ही सपिंड, आणि तसं लग्न त्या समाजात रूढी असल्याशिवाय कायद्याने रद्दबातल ठरतं. आईच्या बाजूने फक्त तिसऱ्या पिढीपर्यंत मोजतात, तू, आई, आणि आईचे आईवडील. जुन्या स्मृतींत हे बापाकडून सात आणि आईकडून पाच होतं, कायद्याने ते कमी केलं. तुमचा समाईक पुरुष खापरपणजोबांच्याही वरचा निघाला तर कायदा आड येत नाही. फक्त भावकी मानणार नाही. नवरा-नवरी दोघं एकाच सुतकात, देवळात दोघांचा मान एकाच घरातून, हे गावाला पचत नाही, आणि तुझ्या सासरी ते कोणाला किती टोचेल हे तुलाच जोखावं लागेल. मी तेव्हा तुला ‘बिनधास्त कर’ असं म्हणणार नाही आणि ‘सोड’ असंही नाही. पण खरं सांगू का, तू जे लिहिलंयस त्यावरून तिथपर्यंत गोष्ट जाईल असं मला वाटत नाही. वेगळा तालुका, वेगळं गाव, गावकर हा मान दोन्हीकडे आपापला, देवकं निदान सांगायला तरी वेगळी. एवढ्यावर मोडायचं कारण दिसत नाही.

कागद हवेच असतील तर कुठे बघायचं? आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावातली जन्म-मृत्यूची जुनी नोंद, जमिनीचे फेरफार, वारस लावलेली वंशावळ. फेरफारात पणजोबा वारल्यावर कोणाकोणाची नावं लागली ते असतं, त्यावरून चुलत घरं कळतात आणि कुठल्या साली गावकरचं ‘-कर’ झालं तेही बऱ्याचदा सापडतं. घरातलं कोणी अस्थी घेऊन नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये गावाच्या नावाने पूर्वजांच्या नोंदी असतात, स्वतःचं गाव आणि जुनं आडनाव, दोन्ही सांगून विचारायचं. नुसतं आत्ताचं आडनाव सांगितलंत तर उपाध्ये चुकीची वही काढतील. पण हे सगळं नंतर, आधी म्हाताऱ्या माणसांना विचारा. कागद कुठे पळून जात नाहीत.

विचारायला जाणार कोण हेही महत्त्वाचं. तू स्वतः आत्याबाईंशी फोनवर ‘गोत्राला काही अर्थ नसतो’ हा वाद घालू नकोस, त्या तुझ्या भल्यासाठीच बोलतायत असं त्यांना मनापासून वाटतंय आणि होणाऱ्या सुनेने मिताक्षरा ऐकवलेली कोणालाच आवडणार नाही. तुझा मामा किंवा थोरले काका यांना पाठव, बरोबर आजीला ने, तिला प्रवास झेपत असेल तर. तिथे गेल्यावर नकाराचा विषयच काढायचा नाही. ‘आमच्याकडे जुन्या माणसांना देवक आणि मूळ गाव विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही अशी रीत आहे, म्हणून आलो’ असं म्हणायचं. आजी आणि त्यांची म्हातारी समोरासमोर बसल्या की अर्ध्या तासात काम होईल, त्या गोत्राचं नावसुद्धा घेणार नाहीत. कुठल्या गावात कोणाचा मान, तुमची मुलगी कुठे दिली, तुमची सून कुठली आणली, एवढ्यावरच त्यांना कळतं. यात एक फायदा असाही आहे की बायकांना माहेरची बाजू ठाऊक असते. मुलाची आई कुठल्या कुळातली, तुझी आई कुठल्या कुळातली हे बायोडाटावर कुठेच नसतं आणि आपल्याकडे मामाचं कुळही टाळायची कित्येक घरांत रीत आहे. नंतर साखरपुड्याच्या दिवशी ते निघालं की जास्त गोंधळ.

तू विचारलं नाहीस पण बायोडाटाचं सांगते, कारण तुझ्यासारख्या खूप जणी तोच कॉलम भरून पस्तावतात. गोत्र खरंच घरात चालत आलेलं असेल तर लिहा. भटजींनी पूजेत सांगितलेलं असेल तर ‘काश्यप (पूजेपुरतं)’ असं चक्क लिहिलं तरी चालतं, नाहीतर तो रकाना मोकळा सोडा, आणि साइट सोडू देत नसेल तर ‘माहीत नाही’ हा पर्याय असतो का बघा. त्याऐवजी माहितीच्या जागेत चार गोष्टी टाका: कुळ, देवक, मूळ गाव आणि मामाचं कुळ व गाव. तुझ्यापुरतं बोलायचं तर कुळाचं नाव तू पत्रात लिहिलेलंच नाहीस, गावकर हा मान झाला, ‘-कर’ हे गाव झालं, त्याखालचं कुळ काय ते आजीला आज विचार. तिला नाव सांगता आलं नाही तर गावातल्या देवळात तुमच्या घराच्या नावाने गाऱ्हाणं घालताना काय म्हणतात ते विचार, तिथे ते येतं.

आणि मुलाला एक फोन कर. त्याला एवढंच विचार की त्याच्या घरात कळंबाचं लाकूड जाळतात का.